ठाण्याच्या ओळीचा ताळा

महाराष्ट्रातील जिल्ह्यांचे क्षेत्रफळ, लोकसंख्या, घनता आणि दहा वर्षांतील वाढ एकत्र देणारे तक्ते स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यांत सगळीकडे भेटतात. अशा एखाद्या तक्त्यात ठाणे जिल्ह्याची ओळ पुढीलप्रमाणे छापली आहे असे धरू.

| क्षेत्रफळ (चौ. किमी) | लोकसंख्या २००१ | लोकसंख्या २०११ | वाढ (टक्के) | घनता २०११ (दर चौ. किमी) |
|---|---|---|---|---|
| ४,२१४ | ८१,३१,८४९ | १,१०,६०,१४८ | ३६.०१ | १,१५७ |

या ओळीतला एकही आकडा मनाने लिहिलेला नाही. प्रत्येक आकडा सरकारी नोंदीत शोधला तर सापडेल. तरीही ही ओळ चुकीची आहे, आणि ती चूक शोधायला जनगणना कार्यालयात जावे लागत नाही. साधा कॅल्क्युलेटर आणि पाच मिनिटे पुरतात.

आधी हे पाहू की पाचही आकडे एका जातीचे नाहीत. क्षेत्रफळ मोजणीतून येते. दोन्ही वर्षांची लोकसंख्या शिरगणतीतून येते. हे तीन मूळ आकडे झाले. वाढीचा दर आणि घनता मात्र कुणी मोजायला गेलेले नसते. मूळ आकड्यांवरून ती कागदावर काढली जातात. म्हणूनच त्यांचा ताळा करता येतो. २०११ च्या लोकसंख्येतून २००१ ची वजा करायची, उरलेल्याला २००१ च्या लोकसंख्येने भागायचे आणि शंभराने गुणायचे, की दशवार्षिक वाढीचा दर मिळतो. २०११ च्या लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागले की घनता मिळते.

ठाण्याच्या ओळीत वाढीचा ताळा आधी करू. दोन लोकसंख्यांतील फरक २९,२८,२९९. त्याला ८१,३१,८४९ ने भागले की ३६.०१ टक्के येतात. छापलेला आकडा तोच आहे. आता घनता. १,१०,६०,१४८ ला ४,२१४ ने भागले तर २,६२५ येतात आणि तक्ता सांगतो १,१५७. निम्म्याहूनही कमी. हा फरक पूर्णांकात रूपांतर करताना पडलेला नाही.

इथे बहुतेक जण थांबतात आणि घनतेचा आकडा खोडून २,६२५ लिहितात. तसे करण्याआधी एक विचार करायला हवा. या दोन ताळ्यांत २०११ ची लोकसंख्या सामाईक आहे, बाकीचे आकडे वेगळे आहेत. वाढीच्या ताळ्यात क्षेत्रफळाचा संबंधच येत नाही. घनतेच्या ताळ्यात २००१ ची लोकसंख्या येत नाही. त्यामुळे कोणता ताळा फसला यावरून संशय कुणावर घ्यायचा हे ठरते. फक्त वाढीचा ताळा फसला, तर २००१ ची लोकसंख्या किंवा छापलेला दर तपासायचा. फक्त घनतेचा फसला, तर क्षेत्रफळ किंवा छापलेली घनता. दोन्ही फसले, तर पहिला संशय २०११ च्या लोकसंख्येवर, कारण दोन्हीकडे हजर असलेली तीच एक आहे.

आपल्या ओळीत वाढ जुळली, म्हणजे दोन्ही लोकसंख्या एकमेकींशी सुसंगत आहेत. उरले क्षेत्रफळ आणि घनता. यांपैकी कोण चुकले? त्यासाठी गणित उलटे करायचे. छापलेली घनता खरी असेल तर क्षेत्रफळ किती असायला हवे? १,१०,६०,१४८ भागिले १,१५७ म्हणजे साधारण ९,५५९ चौरस किलोमीटर. आणि इथे उत्तर समोर येते, कारण ९,५५८ चौरस किलोमीटर हे ठाणे जिल्ह्याचे २०११ च्या जनगणनेतले क्षेत्रफळ आहे. त्या वेळी वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा हे सगळे ठाणे जिल्ह्यातच होते आणि तो देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी आठ तालुके वेगळे होऊन पालघर जिल्हा झाला. ठाण्याकडे सात तालुके आणि ४,२१४ चौरस किलोमीटर उरले, पालघरकडे ५,३४४ गेले. दोन्हींची बेरीज बरोबर ९,५५८.

म्हणजे झाले असे की, कुणीतरी जुन्या तक्त्यातील ओळ घेतली आणि 'अद्ययावत' करण्यासाठी फक्त क्षेत्रफळ बदलले. लोकसंख्या, वाढ आणि घनता जुन्या अखंड जिल्ह्याचीच राहिली. ओळीतला प्रत्येक आकडा खरा असूनही ओळ चुकते ती अशी. चार आकडे एका ठाण्याचे आहेत आणि पाचवा दुसऱ्या ठाण्याचा.

आता २,६२५ कडे परत येऊ. तो आकडा लिहिला असता तर दोन्ही ताळे बिनचूक जुळले असते. आणि तरीही तो आकडा कोणत्याही काळातल्या कोणत्याही जिल्ह्याचा नाही. वसईपासून मोखाड्यापर्यंतची माणसे मोजायची आणि ती राहतात ती जमीन मात्र मोजायची नाही, असा त्याचा अर्थ होतो. ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. गणित जुळवून घेणे आणि चूक दुरुस्त करणे ही दोन निराळी कामे आहेत. जुळत नसलेला तक्ता निदान काहीतरी बिघडल्याचे सांगत असतो. जबरदस्तीने जुळवलेला तक्ता तीही खूण पुसून टाकतो, आणि पुढच्या वाचकाला संशय घ्यायला जागाच उरत नाही.

खरी दुरुस्ती दोन प्रकारे होते. एक म्हणजे ओळ २०११ च्या जिल्ह्याची ठेवायची: क्षेत्रफळ ९,५५८, घनता १,१५७, वाढ ३६.०१ टक्के, आणि खाली तळटीप द्यायची की ही पालघर वेगळा होण्यापूर्वीची हद्द आहे. दुसरा मार्ग आजच्या ठाण्याचा: क्षेत्रफळ ४,२१४, त्या सात तालुक्यांची २०११ ची लोकसंख्या ८०,७०,०३२, घनता १,९१५. पालघरची २९,९०,११६ आणि घनता ५६०. दोन्ही लोकसंख्यांची बेरीज पुन्हा १,१०,६०,१४८ येते, म्हणजे विभागणीत कोणी सुटलेले नाही. या मार्गात एक अडचण आहे. आजच्या ठाण्याची दशवार्षिक वाढ काढायची तर २००१ ची लोकसंख्याही त्याच सात तालुक्यांची हवी. ती तालुकानिहाय आकड्यांची बेरीज करूनच मिळते. ती बेरीज हाती येईपर्यंत वाढीचा रकाना रिकामा ठेवणे हेच योग्य आहे. तिथे ३६.०१ लिहून चालत नाही, कारण मुंबईला लागून असलेल्या शहरी पट्ट्याची आणि जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागाची वाढ सारखी असेल असे धरायला काहीही आधार नाही.

याच ठिकाणी एक फार फसवी चूक होऊ शकते. समजा, कुणी २०११ ची लोकसंख्या नव्या ठाण्याची घातली, ८०,७०,०३२, आणि २००१ ची जुनीच राहू दिली, ८१,३१,८४९. वाढ निघते उणे ०.७६ टक्के. क्षेत्रफळ ४,२१४ आणि घनता १,९१५ तर बरोबर जुळतात. ही ओळ दोन्ही ताळ्यांत पास होते. आकडा उणे तीस-चाळीस आला असता तर कुणालाही खटकले असते. उणे पाऊण टक्का मात्र अगदी शक्य वाटतो, विशेषतः शेजारच्या मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या त्याच दशकात खरोखर घटलेली असताना. दहा वर्षांत ३६ टक्के वाढलेल्या जिल्ह्याच्या पोटातून 'ठाण्याची लोकसंख्या घटली' असा मथळा निघू शकतो.

ही चूक ओळीच्या आत पकडता येत नाही, पण रकान्याची बेरीज तिला पकडते. २०११ ची राज्याची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ आणि २००१ ची ९,६८,७८,६२७. तक्त्यात पालघरची स्वतंत्र ओळ असेल आणि तिच्यात २००१ चा आकडा दिलेला असेल, तर २००१ च्या रकान्याची बेरीज राज्याच्या आकड्यापेक्षा नेमकी पालघरच्या २००१ च्या लोकसंख्येइतकी जास्त भरेल, कारण ती माणसे ठाण्यातही मोजली गेली आहेत. तसेच २०११ च्या रकान्यात जुने ठाणे आणि नवा पालघर दोन्ही असतील, तर बेरीज २९,९०,११६ ने फुगेल. क्षेत्रफळाचा रकाना ३,०७,७१३ ऐवजी ५,३४४ ने जास्त भरेल. फरक किती येतो यावरून चूक कुठली हे ओळखू येते. म्हणून बेरीज चुकली एवढे म्हणून थांबू नये. फरकाचा आकडा लिहून ठेवावा आणि तो दुसरीकडे कुठे दिसतो का ते पाहावे.

दोन्ही ताळे एकाच वेळी फसण्याचे उदाहरण मुंबई शहर जिल्ह्याचे घेता येईल. समजा, ओळीत क्षेत्रफळ १५७, लोकसंख्या २००१ मध्ये ३३,३८,०३१ आणि २०११ मध्ये ३०,८५,४११, वाढ उणे ५.७५ आणि घनता २०,०३८ आहे. वाढ मोजली तर उणे ७.५७ येते. घनता मोजली तर १९,६५२. दोन्हीकडे फसले, म्हणून संशय २०११ च्या लोकसंख्येवर. आता पुन्हा उलटे गणित. छापलेल्या घनतेला क्षेत्रफळाने गुणले: २०,०३८ गुणिले १५७ म्हणजे ३१,४५,९६६. छापलेल्या दरावरून काढले: ३३,३८,०३१ मधून ५.७५ टक्के वजा केले की साधारण ३१,४६,१००. एकमेकांना न ओळखणारे दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत आहेत. दर आणि घनता ज्या लोकसंख्येवरून काढली, ती ३१ लाख ४६ हजारांच्या आसपास होती.

आणि ती खरोखरच तेवढी होती. २०११ च्या मार्चअखेर जनगणनेचे तात्पुरते आकडे जाहीर झाले, त्यांत मुंबई शहराची लोकसंख्या ३१,४५,९६६ होती. पुढे सगळ्या प्रपत्रांची छाननी होऊन अंतिम आकडा ३०,८५,४११ आला. साठ हजारांचा फरक पडला. या ओळीत लोकसंख्या अंतिम आहे, दर आणि घनता तात्पुरत्या आकड्यांवरची. ठाण्याच्या बाबतीत हद्द मिसळली होती, इथे आवृत्ती मिसळली. या प्रकारची चूक राज्याच्या पातळीवर दिसतसुद्धा नाही: महाराष्ट्राचा तात्पुरता आणि अंतिम आकडा यांत जेमतेम तेराशे-चौदाशेचा फरक आहे आणि वाढीचा दर दोन्हीकडे १५.९९ च येतो. जिल्ह्यांत उतरल्यावरच ती उघडी पडते.

फक्त वाढीचा ताळा फसतो तेव्हा कारण बहुधा साधे असते. रत्नागिरीची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. दर उणे ४.८२ टक्के. एका तक्त्यातून दुसऱ्यात उतरवताना ही उणेची छोटी आडवी रेघ गळून पडते आणि घटणारा जिल्हा वाढणारा होतो. कोकणातून माणसे बाहेर जात असल्याची जी गोष्ट तो आकडा सांगत होता, ती नेमकी उलटी होते. तक्त्यात दोन्ही वर्षांची घनता असेल तर हे नजरेनेही कळते. क्षेत्रफळ ८,२०८ कायम असताना घनता २०७ वरून १९७ वर आली असेल, तर वाढ अधिक असूच शकत नाही. हद्द बदललेली नसेल तेव्हा घनता आणि लोकसंख्या एकाच प्रमाणात बदलायला हव्यात, हा तिसरा ताळा फुकट मिळतो. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे फरकाला जुन्या लोकसंख्येऐवजी नव्या लोकसंख्येने भागणे. ठाण्याच्या बाबतीत तसे केले तर ३६.०१ ऐवजी २६.४८ येतात. न जुळणारा दर दिसला की हा भागाकार एकदा करून पाहावा.

उलटे गणित किती विश्वासाने करायचे, यालाही मर्यादा आहे. घनता पूर्णांकात छापतात. ठाण्याची १,१५७ ही प्रत्यक्षात ११५६.५ ते ११५७.५ यांच्यामधली कुठलीही असू शकते. त्यावरून क्षेत्रफळ ९,५५५ ते ९,५६३ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे एवढेच सांगता येते. आपल्याला ते पुरले, कारण ४,२१४ आणि ९,५५८ यांत गोंधळ होण्यासारखे काही नाही. गडचिरोलीत मात्र हेच साधन बोथट होते. तिथली लोकसंख्या १०,७२,९४२ आणि घनता अवघी ७४. त्यावरून क्षेत्रफळ १४,४०२ ते १४,५९८ यांमधले कितीही निघू शकते, जवळपास दोनशे चौरस किलोमीटरची फट. खरे क्षेत्रफळ १४,४१२ आहे. तिथे एखाद्या तक्त्यात १४,५१२ छापले तरी घनतेच्या ताळ्यात ते पकडले जाणार नाही. विरळ वस्तीच्या जिल्ह्यात क्षेत्रफळ तपासायचे तर मूळ नोंदच पाहावी लागते. तीही पाहताना हे माहीत असावे की जनगणनेतले जिल्ह्याचे क्षेत्रफळ भारतीय सर्वेक्षण विभागाकडून येते, तर तालुक्यांचे आणि गावांचे स्थानिक महसुली नोंदींतून. त्यामुळे तालुक्यांची बेरीज जिल्ह्याशी थोडी जुळली नाही तर लगेच चूक समजू नये.

काही वेळा ताळा फसतो आणि तरीही कोणाचीच चूक नसते. देशाचे क्षेत्रफळ ३२,८७,२६३ चौरस किलोमीटर हे आपण शाळेपासून पाठ केलेले. २०११ ची लोकसंख्या १,२१,०८,५४,९७७. भागाकार केला तर घनता ३६८ येते. जनगणनेत मात्र ३८२ दिली आहे. कारण तळटिपेत आहे. देशाच्या क्षेत्रफळात जम्मू-काश्मीरचा पाकिस्तानच्या आणि चीनच्या ताब्यातील भाग, तसेच पाकिस्तानने चीनला दिलेला भाग, असा एकूण १,२०,८४९ चौरस किलोमीटर प्रदेश धरलेला आहे. तिथे आपले प्रगणक जाऊ शकत नाहीत, म्हणून तिथली माणसे लोकसंख्येत नाहीत. माणसे मोजली नाहीत ती जमीन घनतेच्या भागाकारातूनही वगळायची, हा नियम आहे. उरलेल्या ३१,६६,४१४ ने भागले की ३८२ येतात. घनतेचे सारे मर्म या नियमात आहे: वरची माणसे आणि खालची जमीन एकाच हद्दीतली हवीत. ठाण्याच्या ओळीत तोच मोडला होता.

हद्द बदलल्यावर जुन्या वर्षांचे काय करायचे, याचे उत्तरही जनगणना स्वतःच देते. तिच्या ए-२ नावाच्या तक्त्यात १९०१ पासूनची दशवार्षिक वाढ दिलेली असते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, तरी त्या तक्त्यात नंदुरबारची १९०१ सालची लोकसंख्या सापडते. आजच्या हद्दीत जी गावे आणि तालुके येतात, त्यांचे जुने आकडे गोळा करून ती बसवलेली असते. २०११ नंतर झालेल्या पालघरला ही सोय अजून मिळालेली नाही. पुढच्या जनगणनेच्या तक्त्यात ती मिळायला हवी.

त्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, आणि तिथे एक नवा घोटाळा वाट पाहतो आहे. २०२१ ची गणना झाली नाही, त्यामुळे नव्या तक्त्यातला टक्केवारीचा बदल दहा वर्षांचा नसेल, सोळा वर्षांचा असेल. रकान्याचे नाव सवयीने 'दशवार्षिक वाढ' असेच पडले, तर २००१ ते २०११ च्या दराशेजारी तो आकडा ठेवून लोक तुलना करतील आणि वाढीचा वेग चढल्याचा निष्कर्ष काढतील. समजा, एखाद्या जिल्ह्यात सोळा वर्षांत ३६ टक्के वाढ झाली. दहा वर्षांना येणारा दर काढायला ३६ ला सोळाने भागून दहाने गुणले तर २२.५ येतात, पण ते थोडे जास्त आहेत, कारण लोकसंख्या दरवर्षी वाढलेल्या आकड्यावर वाढते. १.३६ चा दहा-सोळांश घात काढला की १.२१२ मिळतात, म्हणजे दहा वर्षांचा दर २१.२ टक्के. कुठलाही दर उतरवून घेताना त्याच्या शेजारी दोन तारखा लिहाव्यात, कुठून कुठपर्यंत, आणि जिल्ह्याच्या नावासमोर हद्द कोणत्या वर्षाची तेही.